बँडच्या सिनेमातली गाणी बदलताना: ड्राफ्ट 4 च्या नोंदी

5 मे 2025

आजपासून ड्राफ्ट 4 चं एकच काम. स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे दुसऱ्याचं गाणं किंवा दुसऱ्याच्या सिनेमाचा तुकडा आहे त्या सगळ्या जागा शोधायच्या आणि तिथे आपलं स्वतःचं नाहीतर रीतसर परवानगी मिळेल असं काहीतरी आणायचं. गोष्ट खानदेशातल्या एका लग्नाच्या बँडची आहे, 1996 सालातली, बाप बँडमास्तर, पोरगा क्लॅरिनेट वाजवतो, म्हणजे दर दोन पानांना कुणीतरी काहीतरी वाजवतंय, गातंय, नाहीतर टीव्हीवर लावतंय. लिहिताना डायरेक्टरनं सरळ गाजलेल्या गाण्यांची नावं टाकली होती, आणि ते ठीकच आहे, पहिल्या ड्राफ्टला मूड कळायला ते लागतंच. पण आता शूट जवळ आलंय आणि निर्मातीताईंचं म्हणणं स्पष्ट आहे की कागद हातात नसेल तर ती गोष्ट कॅमेऱ्यासमोर जाणार नाही.

शीट बनवली. सीन नंबर, काय वाजतंय, कुठून ऐकू येतंय (पात्रांना ऐकू येतं की फक्त प्रेक्षकांना), किती वेळ, शब्द ऐकू येतात की नुसती चाल. आणि शेवटचा कॉलम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, हे गाणं सीनमध्ये काम काय करतंय. हा कॉलम भरल्याशिवाय पर्याय शोधायला बसायचं नाही असं ठरवलंय, कारण "जुनं रोमँटिक गाणं" एवढंच लिहिलं की आपण दुसरं जुनं रोमँटिक गाणं शोधत बसतो, आणि सीनला खरं तर एवढंच हवं असतं की आईला माहेर आठवलं आणि बापाला ते दिसलं.

भरता भरता लक्षात आलं की काही जागी गाणं काहीच करत नाहीये, नुसतं वातावरण म्हणून पडलंय. चहाच्या टपरीवरचा टेप, एसटीतला रेडिओ वगैरे. तिथे गाणं काढून भांड्यांचा आवाज, कंडक्टरची घंटी, गिऱ्हाइकांची बडबड टाकली की सीन तसाच उभा राहतो. असे सगळे लगेच उडवले, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

7 मे

वकील मॅडमशी लांबलचक कॉल झाला. सगळ्यांच्या डोक्यात जे समज बसलेत ते इथे लिहून ठेवते, नंतर सेटवर कुणी विचारलं तर हीच नोंद पाठवायची.

पहिला समज, सात सेकंद (कुणी दहा म्हणतं, कुणी तीस) वापरलं तर चालतं. असा कुठलाही नियम आपल्या कॉपीराइट कायद्यात नाही. दिल्ली हायकोर्टानं 2012 साली एका टीव्ही चॅनलच्या केसमध्ये गाण्याचे अगदी थोडे शब्द वापरण्याला क्षुल्लक वापर मानून सूट दिली होती हे खरंय, पण तिथेही कोर्टानं सेकंद मोजून रेषा आखली नव्हती, नुकसान किती, हेतू काय, वापर किती असं सगळं एकत्र तोललं होतं. म्हणजे तो कोर्टात गेल्यावर करायचा बचाव झाला, शूटच्या आधी हातात धरायची परवानगी नाही.

दुसरा, मागे कुठेतरी वाजत असेल तर चालतं. हा समज कुठून आला ते पण कळलं. त्याच कायद्याच्या कलम 52 मध्ये सिनेमात पार्श्वभूमीला सहज येणाऱ्या गोष्टींना सूट आहे, पण ती कलाकृतींना आहे, म्हणजे चित्र, शिल्प, फोटो असलं काही. भिंतीवर कॅलेंडर दिसलं तर ती सूट कामाला येऊ शकते. त्याच भिंतीखाली रेडिओ वाजत असेल तर त्या गाण्याला ती लागू नाही.

तिसरा आमच्या सिनेमाला थेट लागणारा, लग्नात बँडवाले कुठलंही गाणं वाजवतात, त्यांना कोण विचारतं. त्याच कलमात लग्नाच्या वरातीत आणि धार्मिक समारंभात गाणं वाजवायला सूट आहे हे खरं, पण ती खऱ्या लग्नाला आहे. आम्ही वरातीचं नाटक रचून ते शूट करणार आणि तिकीट लावून दाखवणार, तो समारंभ नाही, ती फिल्म आहे.

आणि चौथा, मूळ रेकॉर्डिंग न वापरता आपल्याच बँडनं वाजवलं तर मोकळं. एका गाण्यात हक्क तीन असतात, शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. आपण वाजवलं की फक्त तिसरा सुटतो. चाल ज्याची आहे त्याची परवानगी लागतेच, आणि कुणी गायलं तर शब्दांची पण. कव्हर व्हर्जनसाठी कायद्यात जी वेगळी सोय आहे ती ध्वनिमुद्रण काढण्यापुरती आहे, गाणं दृश्यावर बसवायला तिचा उपयोग नाही.

एक दिलासा मात्र मिळाला. पात्रानं गाण्याचं किंवा सिनेमाचं नुसतं नाव घेतलं तर त्यात कॉपीराइट येत नाही, 2015 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. त्यामुळे "मास्तर, ते अमुक गाणं वाजवा की" असं वऱ्हाडी ओरडू शकतो, फक्त मास्तरनं ते वाजवायचं नाही. यावरून सीन 31 ला एक छान गोष्ट सुचली, ती पुढे लिहिते.

9 मे

डायरेक्टरला एक गाणं काही केल्या सोडवत नव्हतं, सीन 12, बाप दुपारी रेडिओ लावून दाढी करतोय. त्याचा मुद्दा असा की ते गाणं 1957 चं आहे, साठ वर्षं कधीच उलटली, आता फुकट झालं असेल. हा हिशोब नीट मांडून त्याला दिला, कारण अर्धा बरोबर आहे म्हणूनच तो घातक आहे.

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. म्हणजे 1957 ची रेकॉर्ड 2017 संपताना मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांची 60 वर्षं मोजायला लागतात ती लिहिणाऱ्याच्या आणि चाल बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतर. या गाण्याचे शब्द साहिर लुधियानवींचे, ते 1980 साली गेले, म्हणजे शब्द 2040 संपेपर्यंत बांधलेले. चाल सचिनदेव बर्मन यांची, ते 1975 ला गेले, म्हणजे 2035 संपेपर्यंत. हातात उरलं काय, तर मोकळी झालेली रेकॉर्ड जिच्या आतलं सगळं अजून बंद आहे. ती वाजवली की शब्द आणि चाल आपोआप वाजणारच.

तरी परवानगीची चौकशी केली. ज्या कंपनीकडे हक्क आहेत त्यांना मेल लिहिताना काय काय द्यावं लागतं ते नोंदवून ठेवते, कारण अर्धवट मेलला उत्तरच येत नाही: गाण्याचा नेमका कुठला भाग आणि किती सेकंद, सीनमध्ये काय चाललंय, थिएटर की ओटीटी की दोन्ही, फेस्टिव्हल, कुठले देश, किती वर्षं, आणि ट्रेलरमध्ये वापरणार का, कारण ट्रेलरचा दर वेगळा धरतात. आकडा आला. आमच्या पूर्ण संगीताच्या बजेटपेक्षा जास्त आहे. डायरेक्टरनं स्वतःच शीटवर लाल केलं.

13 मे

सीन 12 वर बसलो. शेवटच्या कॉलममध्ये मी लिहिलं होतं, "बापाला हे गाणं पाठ आहे, तो गायकाच्या आधी पुढची ओळ गुणगुणतो, पोरगा ते बघतो." म्हणजे प्रेक्षकाला गाणं ओळखीचं असायची गरजच नाही, बापाला ओळखीचं आहे हे दिसलं की झालं. हे कळल्यावर काम एकदम सोपं झालं. निवेदिका एक खोटं सिनेमाचं नाव सांगते, गाण्याचं खोटं नाव सांगते, फर्माइश करणाऱ्या गावांची यादी वाचते (ती खरी गावं, यावल, चोपडा, पारोळा, त्यात हक्काचा काही प्रश्न नाही), आणि मग साधारण चाळीस सेकंदांचं आमचं गाणं लागतं. स्टेशनची ओळखधून टाकायची नाही, ती पण कुणाची तरी रचना आहे.

संगीतकार सरांनी जुनेपणा कशातून येतो ते सांगितलं. गाणं मोनो ठेवायचं, तबला आणि व्हायोलिन्स एकाच खोलीत एकत्र रेकॉर्ड करायची म्हणजे एकमेकांच्या माइकमध्ये आवाज सांडतो, गायकाला माइकच्या अगदी जवळ घ्यायचं. मग मीडियम वेव्हचा आवाज हवा तर साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापायचं आणि खालचा गडगडाट पण काढायचा. एवढं केलं की कान स्वतःच 1960 च्या आसपास जातो. मोठ्या गायकाची नक्कल करणारा आवाज मात्र घ्यायचा नाही असं मी लिहून दिलंय, सीनला काळ हवाय, माणूस नकोय.

17 मे

आजची नोंद मोठी होणार, सीन 31 म्हणजे सिनेमाचा कणा आहे. बाप आजारी, पोरगा पहिल्यांदा बँड पुढे घेऊन जातो, वरात मरगळलेली, तो क्लॅरिनेटवर एका गाण्याची पहिली ओळ काढतो आणि सगळी वरात पेटते. जुन्या ड्राफ्टमध्ये तिथे असं गाणं होतं जे महाराष्ट्रातल्या प्रत्येक वरातीत वाजतं. थिएटरमधला प्रेक्षक पहिल्या चार सुरांत ओळखतो, त्याचेही पाय हलतात, म्हणून वरात का पेटली हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

इथे रेडिओवाला उपाय चालत नाही, कारण इथे प्रेक्षकाचं ओळखणंच सीनचं काम आहे. नवीन धून कितीही भारी बनवली तरी ती पडद्यावर पहिल्यांदा वाजली की लोक नाचताना दिसतील आणि बघणारा बाहेर राहील. डायरेक्टर म्हणाला, "मग लोकगीत घेऊ." पण जे लोकगीत सगळ्यांना ठाऊक असतं ते बहुतेक वेळा कुठल्यातरी गाजलेल्या रेकॉर्डमधूनच ठाऊक असतं, आणि त्या रेकॉर्डमधली चालीची वळणं कुणीतरी बांधलेली असतात. शब्द पारंपरिक असले म्हणून आपल्याला जी चाल आठवते ती पारंपरिक आहे असं धरून चालता येत नाही, प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

दुपारी असं ठरलं की गाणं बदलून भागणार नाही, स्क्रिप्ट बदलू. नवीन धून सीन 31 च्या आधी प्रेक्षकाच्या कानात घालून ठेवायची. सीन 6 मध्ये बाप ती रियाजाला वाजवतो, पोरगा झोपेतून उठून वैतागतो, फक्त पहिली ओळ ऐकू येते. सीन 14 मध्ये पोरगा तीच ओळ क्लॅरिनेटवर काढायला जातो आणि प्रत्येक वेळी एकाच जागी, वरच्या पंचमावर चढताना, त्याचा सूर फाटतो. सीन 22 मध्ये दवाखान्याच्या बाकावर बाप बोटांनी नुसता ताल धरतो, धून वाजतच नाही, पण तोपर्यंत ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण होते, निदान व्हायला हवी. आणि मग सीन 31. पोरगा त्याच पंचमाकडे जातो आणि तो लागतो.

हे लिहिल्यावर सीन जुन्या ड्राफ्टपेक्षा चांगला झालाय असं मला मनापासून वाटतं. आधी वरात गाण्यामुळे पेटत होती, आता पोराला सूर लागला म्हणून पेटते. आणि नाव घ्यायला हरकत नाही तो मुद्दा इथे वापरला, वऱ्हाडी गाजलेल्या गाण्याचं नाव घेऊन ओरडतात, पोरगा ऐकतो, मान हलवतो आणि बापाची धून सुरू करतो. आता ते न वाजवणं हा त्याचा निर्णय झाला. पानं वाढली नाहीत, सीन 6 आणि 22 मध्ये जे दुसरं संगीत होतं त्याचीच जागा घेतली.

21 मे

संगीतकाराला ब्रीफ दिली. यात एक धोका असतो. डायरेक्टर हौसेनं "अगदी ह्यासारखं पाहिजे" म्हणून मूळ गाण्याची लिंक पाठवतो, एडिटर तेच गाणं टेम्प म्हणजे तात्पुरतं संगीत म्हणून टाइमलाइनवर टाकतो, महिनाभर सगळे तेच ऐकत कट बघतात, आणि शेवटी नवीन धून त्याच साच्यात पडते. अशी मिळतीजुळती धून परवानगीचा खर्च वाचवत नाही, उलट मेलमध्ये ती लिंक पडून असते आणि तीच उद्या पुरावा होऊ शकते. म्हणून एकही लिंक पाठवायची नाही, टेम्पला पण फक्त सरांचेच कच्चे डेमो.

ब्रीफ अशी गेली:

"वरातीची धून. चालत वाजवायची, म्हणून केरवा, मिनिटाला साधारण 110 मात्रा, नंतर 130 पर्यंत चढेल. पहिली ओळ एका श्वासात वाजली पाहिजे. ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा ऐकल्यावर गुणगुणता आली पाहिजे. शेवटाकडे वरच्या पंचमावर एक चढण हवी जिथे शिकाऊ माणूस अडतो. क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम, ढोल. शब्द नाहीत."

पट्टीवरून थोडी चर्चा झाली. सर पांढरी चारमध्ये बांधत होते, पण ज्या बँडचे खरे वादक आम्ही घेतलेत त्यांचे मास्तर म्हणाले, "सर, काळी पाच करा, आमच्या क्लॅरिनेटला आणि ट्रम्पेटला तो घरचा सा आहे, चालता चालता उन्हात पोरं तिथेच सुरात राहतात." काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, आणि ही दोन्ही वाद्यं बी फ्लॅटची असतात, त्यामुळे ते बरोबरच होतं. पट्टी बदलली आणि धून लगेच मोकळी वाजायला लागली.

23 मे

पहिला डेमो आला. तपासायची पद्धत साधी ठेवलीय, स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसांना धून एकदाच ऐकवायची आणि विचारायचं की कशाची आठवण येते. सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं तर काळजी नाही. आज एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी एकाच जुन्या गाण्याचं नाव घेतलं. सरांनी पेटीवर दोन्ही शेजारी शेजारी वाजवून बघितलं. स्वर तर एकाच रागाचे होते, आणि राग कुणाच्या मालकीचा नसतो, त्याचे नेहमीचे स्वरसमूह कुणीही वापरतं. पण इथे पहिले पाच स्वर, त्यांची लांबी आणि समेवर पडायची जागा तिन्ही गोष्टी जुळत होत्या, आणि कान ओळखतो तो हाच जुळलेला तुकडा. सरांनी सुरुवात समेवरून उचलून अर्ध्या मात्रेनंतर नेली आणि दुसऱ्या स्वरानंतरची उडी उलटी केली, वरून खाली. परत नव्या माणसांना ऐकवली, आता नावं विखुरली. डेमो 1, डेमो 2 आणि सरांच्या स्वरलिपीच्या वहीचा तारखेसकट फोटो फोल्डरमध्ये ठेवला, धून कशी घडली याचा माग असलेला बरा.

27 मे

सिनेमाच्या क्लिप दोन होत्या. सलूनमधल्या टीव्हीवरची मारामारी हा सोपा प्रकार, आपणच अर्ध्या मिनिटाचा खोटा सिनेमा शूट करतोय, गोदाम, पिंपं, पाठमोरा हिरो, डायलॉग आपले. कुठल्याही स्टारची लकब नाही. शूट आधी उरकायचं आणि सलूनच्या सीनला ते खऱ्या टीव्हीवर चालवायचं, म्हणजे त्याचा उजेड न्हाव्याच्या तोंडावर पडतो, नंतर चिकटवलेल्या चित्रात तो येत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही 50 हर्ट्झचा असतो, म्हणून कॅमेरा 25 फ्रेमवर आणि शटर 1/50 ठेवायचं असं कॅमेरामननं सांगितलंय, नाहीतर पडद्यावर काळा पट्टा फिरताना दिसतो. सलूनमधली पोस्टर्स मागे धूसर असतील तोवर चिंता नाही, पण एका शॉटमध्ये न्हावी पोस्टरकडे बोट दाखवून बोलतो, तिथे ते पार्श्वभूमी राहत नाही, म्हणून ते पोस्टर आपल्याच खोट्या सिनेमाचं.

दुसरी क्लिप मात्र मला फार आवडणारी. पणजोबांनी बँड कसा सुरू केला ती आठवण, मूकपट चालू असताना पडद्यापुढे बसून ते वाजवायचे. आधी तिथे 1950 च्या दशकातल्या एका बोलपटाचा तुकडा होता, काळाच्या हिशोबानंही तो बसत नव्हता. आता दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ घेतोय, 1919 चा. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं, तो कधीच संपला. फाळके 1944 साली गेले, म्हणजे त्या बाजूनंही 2004 संपताना मोकळा. मूकपट असल्यामुळे आत गाणं नाही, संवाद नाही, म्हणजे बोलपटाच्या आत जे दुसरे हक्क दडलेले असतात ते इथे नाहीतच. आणि अमेरिकेत 1930 च्या आधी प्रसिद्ध झालेलं मोकळं आहे, त्यामुळे तिकडच्या शोलाही अडचण नाही.

पण नेटवर सापडलेली कॉपी उचलायची नाही. त्यावर नंतर कुणीतरी पार्श्वसंगीत चढवलेलं असतं, ते नवीन असतं आणि त्याचा हक्क चालू असतो, शिवाय मोठ्या पडद्यावर तो दर्जा टिकत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला (आता ते एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळात विलीन आहे) लिहिलंय, त्यांच्याकडून रीतसर स्कॅन घ्यायचा, त्याची फी आणि वापराच्या अटी वेगळ्या असतात. कॉपीराइट संपला तरी प्रत ज्याच्या कपाटात आहे त्याच्या अटी पाळाव्या लागतातच. एडिटरला एक सूचना, मूकपट साधारण 16 ते 18 फ्रेमच्या वेगानं चित्रित व्हायचे, 25 वर सरळ टाकले की माणसं तुरूतुरू पळतात, वेग कमी करून घ्यायचा. आणि त्या चित्रावर पणजोबांचा बँड वाजवणार तीच वरातीची धून, संथ, नुसती पेटी आणि तबल्यावर. म्हणजे धून घराण्यात आली कुठून हे पण सांगून झालं.

30 मे

आईचं गाणं, सीन 18. खानदेशातली बाई, चुलीपाशी, तर डायरेक्टरनं बहिणाबाई धरल्या होत्या आणि ते अगदी स्वाभाविक आहे. बहिणाबाई चौधरी 1951 साली गेल्या, कविता पुस्तकरूपानं आली 1952 मध्ये, म्हणजे मरणोत्तर. अशा वेळी 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून 2012 संपताना भारतात शब्द मोकळे झाले. गाजलेल्या चाली मोकळ्या नाहीत, त्या नंतरच्या संगीतकारांच्या आहेत, पण चाल आपण नवी बांधू शकतो. इथपर्यंत सगळं छान जुळत होतं.

मग वकील मॅडमनी विचारलं, सिनेमा अमेरिकेत दाखवणार का. दाखवणार, तिकडच्या मराठी मंडळांचे शो हा निर्मातीताईंच्या हिशोबातला पक्का भाग आहे. तर तिकडचा नियम असा की बाहेरच्या देशातलं जे काही 1996 च्या सुरुवातीला आपल्या देशात कॉपीराइटमध्ये होतं त्याला त्यांनी प्रकाशनापासून 95 वर्षं दिली. 1952 अधिक 95, म्हणजे 2047 पर्यंत. भारतात मोकळं, तिथे नाही. वारसांकडून तिकडची परवानगी मागता येते, तो रस्ता बंद नाही, पण आमच्या वेळापत्रकात ते बसवणं अवघड आहे.

म्हणून गीतकार ताईंना आईसाठी नवीन ओव्या लिहायला सांगितल्या. ओवी हा छंद कुणाचा नाही, जात्यावरच्या बायकांचा आहे. बहिणाबाईंच्या ओळींची सावली पडू नये म्हणून संसार, चूल, तवा ही चित्रं घ्यायची नाहीत असं दोघींनी ठरवलं. ताईंनी केळीच्या बागेवरून लिहिलंय, कापून झालेल्या खोडाशेजारी फुटणारं पिल्लू, ती लेक सासरी गेल्यावरची आई. यावल, रावेरच्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही. मला तर शीटवरच्या सगळ्या बदलांमध्ये हा सगळ्यात जवळचा वाटतो.

2 जून

किरकोळ जागा उरकल्या. वाढदिवसाचं ते इंग्रजी गाणं तसंच ठेवलं, अमेरिकेत 2016 साली कोर्टातल्या तडजोडीनंतर ते सार्वजनिक झालं आणि लिहिणाऱ्या बहिणींपैकी शेवटची 1946 साली गेली, त्यामुळे आपल्याकडेही प्रश्न नाही. गणपतीची आरती समर्थ रामदासांची, घरातली माणसंच गाणार, टाळ आणि टाळ्या, घराघरात म्हणतात त्या चालीत. कुठलंही गाजलेलं रेकॉर्डिंग पार्श्वभूमीला लावायचं नाही. ट्रेलर नेटवर चढवल्यावर आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेनं तरी दावा लावला तर दाखवायला मूळ ट्रॅक वेगवेगळे जपून ठेवायचे.

मिठाईच्या दुकानातली सतार आणि लग्नाच्या हॉलमधली शहनाई यांना लायब्ररीतलं संगीत घेतोय. इथे असिस्टंटनं क्रिएटिव्ह कॉमन्सवाले, म्हणजे ठरावीक अटींवर फुकट वापरायला दिलेले ट्रॅक शोधून आणले, मेहनत चांगली केलीय, पण त्यात वर्गवारी करावी लागली. NC लिहिलंय ते धंद्यासाठी चालत नाही, आपण तिकीट विकणार. ND म्हणजे बदल करू नका, आणि त्यांच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलंय की संगीत हलत्या चित्राशी जुळवून बसवणं हाच बदल धरला जातो, त्यामुळे सिनेमाला ND चालतच नाही, एक सूरही न कापता वापरलं तरी. SA मध्ये आपला सिनेमाही त्याच लायसन्सखाली खुला करावा लागेल असा मुद्दा उभा राहतो. उरतात फक्त CC BY, ज्यात श्रेय द्यावं लागतं, आणि CC0, ज्यात सगळे हक्क सोडलेले असतात. त्यातही चढवणारा माणूसच खरा वादक आहे का हे बघायचं, सतारीवर कुणी गाजलेली फिल्मी चाल वाजवून फुकट म्हणून टाकली असेल तर तो जे देतोय ते त्याचं नाहीच. जे घेतलं त्या प्रत्येकाच्या लायसन्सच्या पानाची तारखेसकट पीडीएफ फोल्डरला.

6 जून

आपलं गाणं म्हणजे आपलं, असं आपोआप होत नाही, कागद लागतो. संगीतकार आणि गीतकार यांच्या करारात मॅडमनी दोन ओळी आवर्जून बघितल्या, मुदत आणि प्रदेश. लिहिलं नाही तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश फक्त भारत धरतो, म्हणजे सहाव्या वर्षी ओटीटीवर आपलाच सिनेमा अडकू शकतो. आपण घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत जातात असंही आहे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, आणि आमचं रिलीज लांबू शकतं म्हणून तेही लिहून घेतलं. दुसऱ्या बाजूनं, 2012 च्या दुरुस्तीपासून गीतकार आणि संगीतकार यांचा थिएटरबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा त्यांनी सोडून दिला असं लिहूनच घेता येत नाही. गीतकार ताईंच्या जुन्या करारनाम्यात "सर्व हक्क कायमचे" अशी ओळ होती ती काढली, आणि ते योग्यच आहे, ओव्या ज्या बाईनं लिहिल्या तिला पुढेही मिळालं पाहिजे.

बँडच्या वादकांची संमतीपत्रं वेगळी, ते वाजवणारे कलाकार म्हणून त्यांचा स्वतःचा हक्क असतो. मास्तरांनी प्रत्येकाला करार मराठीतून मोठ्यानं वाचून दाखवला, मगच सह्या घेतल्या.

10 जून

क्यू शीट एडिटरला गेली, प्रत्येक ओळीला सीन, ट्रॅक, सेकंद, शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुणाचं आणि कागद कुठल्या फोल्डरला. लाल आता फक्त सीन 27 आहे, ऑर्केस्ट्राचा. तिथे एका स्वतंत्र मराठी गायिकेचं गाणं घ्यायचा विचार चाललाय, शब्द, चाल, रेकॉर्डिंग तिन्ही तिचंच आहे त्यामुळे एकाच सहीत काम होईल, आणि ती 1996 ला शोभेल अशी नवीन आवृत्ती गाऊन द्यायला तयार आहे. तिच्या करारात फेस्टिव्हल, थिएटर, ओटीटी आणि ट्रेलर चारही नावानिशी हवेत असं मॅडमना कळवलंय.

साउंडवाल्यांना लोकेशनची सूचना पाठवली. बाजारात शूट असताना शेजारच्या दुकानाचा स्पीकर डायलॉगमध्ये आला तर तो टेक घ्यायचा नाही, दुकानदाराला आधीच भेटून दिवसाचे पैसे देऊन स्पीकर बंद ठेवायचा, आणि प्रत्येक जागेचा निदान एक मिनिटाचा गाण्याविना नुसता वातावरणाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून आणायचा. वरातीच्या सीनला नाचणाऱ्या ज्युनियर आर्टिस्टना पण आपलीच धून आदल्या दिवशी ऐकवून ठेवायची, नाहीतर ते पाय सवयीच्या गाण्यावर टाकतात आणि तोंडानं तेच शब्द म्हणतात, क्लोजअपमध्ये ओठ वाचता येतात.

सीन 27 चा कागद आला की ड्राफ्ट 4 लॉक.